पाठ फिरवली म्हणून फाऊल होत नाही

नागपुरात विदर्भ हॉकी असोसिएशनच्या मैदानावर, म्हणजे आपल्या व्हीएचएवर, लीगचा सामना पाहायला बसलं की एक आरोळी हमखास ऐकू येते. कुणी खेळाडू बॉल घेऊन वळला, त्याची पाठ प्रतिस्पर्ध्याकडे झाली, की काठावरून एकदम चार आवाज उठतात : ‘अंपायर, ऑब्स्ट्रक्शन!’ कधी शिट्टी वाजते, कधी वाजत नाही. न वाजली तर अंपायरचा उद्धार ठरलेलाच. इतकी वर्षं हा खेळ पाहिल्यावर माझं मत असं झालं आहे की यातल्या बऱ्याच आरोळ्या चुकीच्या असतात आणि खरं ऑब्स्ट्रक्शन होतं तेव्हा प्रेक्षक अनेकदा गप्प असतात. कारण आपण बॉलवाल्याची पाठ पाहतो. नियम मात्र बॉल घ्यायला येणाऱ्याकडे पाहायला सांगतो.

नागपूरकरांच्या बाबतीत या गोंधळाला एक खास कारण आहे. शेजारी कामठी आहे आणि कामठी म्हणजे फुटबॉल. फुटबॉलमध्ये बॉल खेळण्याच्या अंतरात असेल तर खेळाडू स्वतःचं अंग मध्ये घालून तो राखू शकतो. हातांनी किंवा अंगाने समोरच्याला ढकलून धरायचं नाही, एवढीच अट. कोपऱ्यात बॉल पायाशी ठेवून, पाठ करून वेळ काढणारा फॉरवर्ड तिथे शहाणा ठरतो. हॉकीत अगदी तेच केलं तर फ्री हिट जाते. दोन्ही खेळ बघत वाढलेल्या पोराच्या अंगात फुटबॉलची सवय मुरते आणि हॉकीच्या मैदानावर ती त्याला नडते.

आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाच्या नियमपुस्तकात या विषयाला फार जागा दिलेली नाही. जो प्रतिस्पर्धी बॉल खेळण्याचा प्रयत्न करतो आहे, त्याला अडवायचं नाही, हा मूळ नियम. अडवण्याचे प्रकार तीन : मागे सरकत प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जाणं, त्याच्या स्टिकला किंवा शरीराला आपल्या अंगाने अडथळा करणं, आणि वैध टॅकलपासून बॉल स्टिकने किंवा शरीराच्या कुठल्याही भागाने झाकणं. पुढे दोन सवलती दिल्या आहेत. एका जागी उभं राहून बॉल घेणारा खेळाडू कुठल्याही दिशेला तोंड करून उभा राहू शकतो. बॉल ताब्यात असलेला खेळाडू कुठल्याही दिशेने निघू शकतो; फक्त प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर जायचं नाही, आणि बॉल खेळण्याच्या अंतरात येऊन प्रयत्न करणारा प्रतिस्पर्धी व बॉल यांच्या मध्ये शिरायचं नाही.

सगळा खेळ त्या ‘प्रयत्न करणारा’ या शब्दांत आहे. बॉल खेळण्याचं अंतर म्हणजे किती, हे नियम मीटरमध्ये सांगत नाही. तो खेळाडू जिथून बॉलपर्यंत पोहोचून तो खेळू शकतो, तेवढं ते अंतर. १०५ सेंटिमीटरपर्यंतची स्टिक, लांबवलेला हात आणि एक लांब पाऊल एवढा तो आवाका. त्यापलीकडे उभा असलेला बचावपटू कितीही ओरडला तरी त्याला कुणी अडवलेलं नसतं. आणि अंतरात असूनही ज्याची स्टिक खाली आलेली नाही, त्याने प्रयत्नच केलेला नाही. स्टिक छातीशी धरून बॉलवाल्याच्या पाठीवर धावत जायचं आणि अंपायरकडे हात करायचा, ही युक्ती आपल्या शालेय स्पर्धांमध्ये सर्रास चालते. नियमाने तो टॅकल करणाऱ्याचाच फाऊल आहे, कारण अंगाला न लागता बॉल खेळता येईल अशा जागी असल्याशिवाय टॅकल करायचा नाही, असाही नियम आहे.

एक प्रसंग सावकाश पाहू. उजव्या टचलाइनजवळ, प्रतिस्पर्ध्याच्या २३ मीटर रेषेच्या आसपास, राइट विंगला मागून पास येतो. त्याचं तोंड स्वतःच्या गोलकडे आहे आणि मागे लेफ्ट बॅक आहे. विंगर थांबून बॉल अडवतो. पाठ पूर्ण बॅककडे असूनही इथपर्यंत काहीच चुकलेलं नाही.

आता बॅक जवळ येतो. तो सरळ मागून आला आणि विंगरच्या दोन पायांमधून स्टिक घालू लागला, तर अंगाला अंग लागणारच, आणि फाऊल बॅकचा. जाणता बॅक तसं करत नाही. तो एक पाऊल बाजूला टाकतो, फिरून येतो, गुडघ्यात वाकतो आणि बॉल बसतो त्या रेषेत जमिनीलगत स्टिक लांबवतो. या क्षणी तो नियमातला ‘प्रयत्न करणारा प्रतिस्पर्धी’ झाला. अंपायरने नजर लावून बसायचं ते याच क्षणासाठी.

विंगरपुढे आता दोन वाटा आहेत. बॉल ओढून तो दुसऱ्या बाजूने निघाला, पाय आणि बॉल बरोबर चालले, तर तो सुटला. पण बॅकची स्टिक आली त्या बाजूला त्याने नुसतं कमरेतून वळून नितंब मध्ये आणलं आणि बॉल जागच्या जागी राहिला, तर ते ऑब्स्ट्रक्शन. अंगाला अंग लागलं की नाही, याचा इथे संबंध नाही. बॅकची स्टिक बॉलपर्यंत गेली असती आणि मध्ये शरीर आलं म्हणून गेली नाही, एवढं पुरेसं आहे.

तिसरी वाट अलीकडे जास्त दिसते आणि प्रेक्षकांच्या नजरेतून बहुतेक निसटते. विंगर अंग वळवत नाही. तो बॉलच्या पुढे स्टिक आडवी धरतो, किंवा एका हातातली स्टिक बॅकच्या स्टिकच्या वाटेत टाकून ठेवतो. अंग बाजूला असतं, म्हणून सगळं स्वच्छ वाटतं. पण नियमात शरीर आणि स्टिक दोन्ही आहेत. स्टिकने झाकणं हेही झाकणंच. अंपायर तेव्हा वेगळी खूण करतो : एक हात अंगासमोर तिरका खाली धरतो आणि दुसऱ्या हाताने त्याला कोपराखाली स्पर्श करतो. साध्या ऑब्स्ट्रक्शनला दोन्ही हात छातीसमोर एकमेकांवर आडवे धरले जातात. त्रयस्थाने अडवलं असेल, म्हणजे बॉल नसलेला साथीदार बचावपटूच्या वाटेत धावला असेल, तर छातीसमोरचे तेच हात उघडझाप करतात. पेनल्टी कॉर्नरला धावत येणाऱ्या बचावपटूला किंवा गोलकीपरला आक्रमकाने आडवं जाणंही याच सदरात येतं.

हा नियम नेहमी इतका उदार नव्हता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पाठ करून बॉल घेणं हेच धोक्याचं होतं. मागे प्रतिस्पर्धी आला की शिट्टी वाजे. म्हणून जुन्या खेळाडूंना तोंड उघडं ठेवून, चालत्या पावलांवर बॉल घ्यायची शिस्त लागलेली असे. त्या पिढीतले लेस्ली क्लॉडियस बिलासपूरचे. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असतानाचा तो काळ. बंगाल नागपूर रेल्वेतून ते पुढे आले आणि १९४८ ते १९६० अशा चार ऑलिंपिकमध्ये राइट हाफ म्हणून खेळले. त्या काळच्या हाफला नियमाचा मोठा आधार होता : तो जवळ पोहोचला की समोरच्याला पाठीमागे बॉल लपवता येत नसे. नंतर सिंथेटिक टर्फवर खेळ वेगवान झाला. बॉल घेणाऱ्याला श्वास घ्यायला जागा हवी म्हणून अर्थ सैल केला गेला. खडकीचे धनराज पिल्ले १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिक खेळले, म्हणजे त्यांची कारकीर्द याच बदललेल्या अर्थाच्या काळात गेली. माझ्या मते बदल योग्यच होता. पण त्यातली सवलत बॉल घेण्यापुरती आहे, बॉल दडवून ठेवण्यासाठी नाही, हे आपल्या भागात नीट पोहोचलं नाही.

शूटआउटमध्ये हा फरक सगळ्यात उघडा पडतो. आक्रमक २३ मीटर रेषेवरून बॉल घेऊन निघतो, त्याला आठ सेकंद मिळतात, समोर एकटा गोलकीपर. पुष्कळ आक्रमक डीमध्ये येऊन कीपरकडे पाठ करतात आणि गिरकी घेऊन रिव्हर्सने मारतात. गिरकी वैध आहे, जोवर कीपर बॉलपासून दूर आहे. कीपर सरकत आला, त्याची स्टिक बॉलच्या दिशेने गेली आणि आक्रमकाने तेव्हा पाठ मध्ये घातली, तर तो आक्रमकाचा फाऊल, आणि तो प्रयत्न तिथेच संपला. उलट कीपरने फाऊल केला तर तो चुकून झालेला असल्यास प्रयत्न पुन्हा घेतला जातो आणि हेतुपुरस्सर असेल तर पेनल्टी स्ट्रोक मिळतो. २०१७ च्या डिसेंबरमध्ये भुवनेश्वरला हॉकी वर्ल्ड लीग फायनलच्या उपांत्यपूर्व सामन्यात भारत-बेल्जियम ३-३ झालं आणि शूटआउटमध्ये भारत ३-२ ने जिंकला. गोलमध्ये होता आपल्या यवतमाळचा आकाश चिकटे. शूटआउटमध्ये कीपर लवकर पडला तर आक्रमक त्याच्या आवाक्याबाहेरून फिरून जातो आणि नियम कीपरच्या मदतीला येत नाही. उभा राहून, स्टिक वेळेवर पुढे टाकणाऱ्या कीपरसमोर पाठ करणं आक्रमकाला महागात पडू शकतं.

बचावपटूच्या हातून हाच गुन्हा घडला तर शिक्षा जागेवर ठरते. डीमध्ये चुकून अडवलं तर पेनल्टी कॉर्नर. त्यामुळे बहुधा होणारा गोल हुकला, किंवा बॉल असलेल्या आक्रमकाला मुद्दाम अडवलं, तर पेनल्टी स्ट्रोक. डीबाहेर पण स्वतःच्या २३ मीटरमध्ये मुद्दाम अडवलं तरी कॉर्नर. मोठ्या सामन्यांत यासाठी व्हिडिओ रेफरल मागता येतो. मात्र स्लो मोशनमध्ये अंग किती मध्ये आलं ते दिसतं. टॅकल खरोखर चालला होता की नुसता देखावा होता, ते पुरेशा वेगाने पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून मला वाटतं, आधी एकदा पूर्ण वेगात पाहावं आणि मग चित्र थांबवावं.

आपल्याकडे अडचण मैदानाचीही आहे. विदर्भातली पुष्कळ मुलं मुरमाड मैदानावर हॉकी शिकतात. तिथे बॉल उडतो, स्टिकवर नीट बसत नाही, आणि त्याला अंगाने आडोसा करायची सवय आपोआप लागते. तीच मुलं टर्फवर गेली की पहिल्याच सामन्यात चार-पाच शिट्ट्या खातात आणि अंपायर पक्षपाती आहे असं समजून परत येतात. त्यांचा दोष नाही. त्यांना हा नियम कुणी पायांनी शिकवलेला नसतो.

तेव्हा व्हीएचएवर आणि गावोगावच्या मैदानांवर मुलं घडवणाऱ्या प्रशिक्षकांना एवढंच सांगणं आहे : बॉल राखायचा सराव घ्याल तेव्हा मागे एक टॅकल करणारा नेहमी उभा ठेवा, त्याची स्टिक खाली आली की बॉलवाल्याने जागा सोडलीच पाहिजे असा दंडक घाला, आणि टॅकल करणाऱ्यालाही बाजूने फिरून यायला लावा. दोघांना हे एकत्र शिकवा.