जर्मन कंपनीचे निमंत्रणपत्र

जर्मन कंपनी पुण्यातील भागीदार कंपनीच्या अभियंत्याला बोलावते, तेव्हा शेंगेन व्यवसाय व्हिसासाठी तिचे निमंत्रणपत्र जोडावे लागते. ‘व्यावसायिक चर्चा’ एवढाच हेतू फार मोघम ठरतो. ‘नव्या यंत्राची पाहणी आणि पुरवठा करारावर बैठक’ असे नेमके लिहावे. ४ ते ८ मे अशा तारखा दिल्यास विमान, हॉटेल आणि विमाही त्यांच्याशी जुळायला हवेत.

सर्वाधिक घोळ खर्चात होतो. यजमान हॉटेल आणि स्थानिक प्रवास, तर पुण्याची कंपनी विमानभाडे देणार असेल, तर दोघांच्याही पत्रांत तीच विभागणी दिसली पाहिजे. दोन्ही पत्रे ‘सर्व खर्च आमचा’ म्हणू लागली, की अधिकाऱ्याला शंका येते. पत्र बिनचूक असले, तरी व्हिसाची हमी नसते.