बिघडलेल्या अक्षरांतून घड्याळाची चूक वाचणे

मायक्रोकंट्रोलरमधील यूएआरटी हा भाग एका तारेवरून एकामागून एक बिट पाठवतो, परंतु त्यासोबत घड्याळाची वेगळी तार नसल्यामुळे पाठवणाऱ्याला आणि घेणाऱ्याला बिटचा काळ आपापल्या घड्याळावरूनच मोजावा लागतो. सेकंदाला किती बिट जायचे, हा त्या दोघांतला करार म्हणजे बॉड रेट होय. तार एरवी उच्च पातळीवर असते. ती खाली आली की स्टार्ट बिट सुरू होतो, त्यामागून सर्वांत कमी किमतीच्या बिटपासून आठ डेटा बिट येतात आणि शेवटी तार पुन्हा वर नेणारा स्टॉप बिट येतो. घेणारा त्या पहिल्या उतरत्या कडेपासून मोजायला लागतो व पुढे प्रत्येक बिटच्या मध्यावर तारेची पातळी पाहतो.

घड्याळांतला फरक म्हणूनच बिटगणिक साठत जातो, मात्र पुढचा स्टार्ट बिट आला की मोजणी नव्याने सुरू होते. स्टॉप बिटचा मध्य साडेनऊ बिटांवर असतो, आणि तिथवर अर्ध्या बिटची घसरण झाली की घेणारा भलत्याच बिटकडे पाहतो. अर्थात दोन्ही बाजूंच्या चुका मिळून सुमारे ५ टक्के ही सैद्धांतिक मर्यादा ठरते. प्रत्यक्षात कड ओळखण्यातही थोडा वेळ जातो, त्यामुळे एटीमेगा३२८पीची माहितीपुस्तिका आठ बिटांच्या साध्या पद्धतीत घेणाऱ्यासाठी २ टक्क्यांचीच शिफारस करते.

याच चिपला ८ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल जोडून ११५२०० बॉड मागितल्यास काय घडते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. बॉड रेट ठरवणाऱ्या रजिस्टरमधील आकडा पुढीलप्रमाणे काढला जातो:

```c
UBRR0 = F_CPU / (16UL * BAUD) - 1;
```

भागाकार ४.३४ येतो, पण रजिस्टरला अपूर्णांक ठेवता येत नाही. म्हणून त्यात ३ बसतो आणि खरा वेग १२५००० बॉड, म्हणजे ८.५ टक्के जास्त होतो. पाठवणाऱ्याचा बिट ८ मायक्रोसेकंदांचा असतो, तर संगणकाला जोडलेला यूएसबी सिरियल अडॅप्टर ८.६८ मायक्रोसेकंदांचा बिट गृहीत धरून बसलेला असतो. `A` हे अक्षर पाठवले असता तारेवर आणि घेणाऱ्याच्या हाती डावीकडून क्रमाने असे बिट येतात:

```
0 10000010 1
0 10000101
```

पहिले पाच डेटा बिट बरोबर उतरतात. सहावा बिट पाहायला घेणारा ५६.४व्या मायक्रोसेकंदाला येतो, तेव्हा पाठवणारा ५६व्याच मायक्रोसेकंदाला सातव्यावर सरकलेला असतो, आणि आठव्याच्या जागी तर घेणाऱ्याला स्टॉप बिटच सापडतो. त्यामुळे `0x41` ऐवजी `0xA1` उमटतो. पडद्यावर ही अक्षरे निव्वळ कचरा वाटतात, पण टर्मिनल हेक्स स्वरूपात उघडले की तोच `A` दर वेळी तसाच बिघडलेला दिसतो, आणि साध्या इंग्रजी मजकुरात कधीही नसलेला सर्वांत वरचा बिट १ झालेला आढळतो. पाठवणारा वेगवान असल्याची ही खूण फार मोलाची आहे. उलट तो पुरेसा मंद असेल, तर स्टॉप बिटच्या जागी अजून डेटा बिटच चालू असतो व फ्रेमिंग एरर, म्हणजे स्टॉप बिट न सापडल्याची नोंद, आधी दिसू लागते.

खात्रीसाठी `U` हे अक्षर सलग पाठवावे. त्याचे बिट स्टार्ट आणि स्टॉपसह एकाआड एक असल्याने लॉजिक अ‍ॅनलायझरवर पहिल्या उतरत्या कडेपासून पाचव्या उतरत्या कडेपर्यंत बरोबर आठ बिट मोजता येतात. येथे ते अंतर ६९.४ ऐवजी ६४ मायक्रोसेकंद भरते. हा आकडा भागाकाराने सांगितलेल्या वेगाशी जुळतो, म्हणजे क्रिस्टल निर्दोष असून दोष भागाकाराचा आहे. चिपचीच पाठवण्याची आणि घेण्याची तार एकमेकींना जोडून केलेली चाचणी मात्र फसवी ठरते, कारण दोन्ही बाजूंना तेच घड्याळ असल्यामुळे तीत चूक कधीच दिसत नाही.

मोजलेला आकडा हिशेबाशी जुळला नाही, तर संशय घड्याळावर जातो. आठपट फरक असेल, तर बहुधा कारखान्यातून चालू आलेला `CKDIV8` फ्यूज घड्याळाला आठने भागत असतो. काही टक्क्यांचा फरक असेल आणि चिप आतल्या आरसी ऑसिलेटरवर चालत असेल, तर तो ऑसिलेटर कारखान्यात १० टक्क्यांच्या मर्यादेतच जुळवलेला असतो आणि तापमान व पुरवठ्याच्या व्होल्टेजबरोबर सरकतो. `OSCCAL` रजिस्टरने तो सुधारता येतो, पण ती जुळवणी ज्या तापमानाला आणि व्होल्टेजला केली त्यांच्याच आसपास टिकते.

भागाकाराच्या दोषावर सोपा उतारा म्हणजे ३८४०० बॉड, जिथे ८ मेगाहर्ट्‌झवर चूक ०.२ टक्केच उरते. ११५२००च हवे असल्यास ७.३७२८ मेगाहर्ट्‌झचा क्रिस्टल लावावा आणि `F_CPU` तसा बदलावा: भागाकार नेमका ४ येतो, रजिस्टरमध्ये तोच ३ राहतो आणि `A` संगणकावर `0x41` म्हणूनच पोहोचतो.