नानांचा खुबा आणि डॉक्टरांना लिहिलेलं एक पानाचं पत्र

निफाडजवळच्या एका गावातले नाना, वय ७७. मुलगी पुण्याला नोकरीत, नानांचे फिजिशियन नाशिकला. नानांचा उजवा खुबा दुखू लागला, रात्रीची झोप गेली आणि एकदा ते बाथरूमच्या दारात पडले, तेव्हा मुलीने चार दिवसांची रजा काढून घर गाठलं आणि डॉक्टरांना पत्र लिहिलं. हे नाना आणि ही मुलगी नमुन्यादाखल उभी केलेली आहेत, पण खुब्याच्या दुखण्यावर काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला ती ओळखीची वाटतील. आधी पत्रच वाचू.

«२० सप्टेंबर

आदरणीय डॉक्टरसाहेब,

नाना सात वर्षांपासून बीपीसाठी तुमच्याकडे येतात. हे पत्र मी त्यांना वाचून दाखवलं आहे, त्यांची हरकत नाही.

दुखणं उजव्या बाजूला आहे आणि नवीन आहे. कुठे दुखतं ते बोट ठेवून दाखवा म्हटलं तर ते जांघेत बोट ठेवतात. कळ कधीकधी गुडघ्यापर्यंत उतरते. ऑगस्टमध्ये ते मळ्यापर्यंत पायी जात होते. आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, तेही लंगडत. उजवा पाय उचलून चप्पल घालता येत नाही, आई घालते.

५ सप्टेंबरपासून रात्री दुखतं. कूस बदलताना कळ येते, पण नुसतं पडून राहिलं तरी ठणकतं. उठून बसल्यावरही थांबत नाही. ताप नाही. वजन ६४ किलो, मे महिन्यातही तेवढंच होतं.

पडण्याबद्दल: नाना आधी म्हणाले, एकदाच पडलो. पण चुलत्यांनी सांगितलं की पोळ्याच्या दिवशी, २ सप्टेंबरला, बैल धुताना ते ओल्या फरशीवर घसरून उजव्या कुशीवर आपटले होते. घरी कुणाला सांगू नका म्हणाले. दुसऱ्यांदा १३ तारखेला, रात्री अडीचला लघवीला उठल्यावर. खाटेवरून उठून आठ-दहा पावलं गेले, डोळ्यांपुढे अंधारी आली, दार धरलं आणि खाली बसले. शुद्ध गेली नाही, डोक्याला लागलं नाही.

औषधं: तुम्ही १० ऑगस्टला बीपीची गोळी बदललीत, तिच्यात लघवी होण्याचं औषधही आहे. प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन. तुम्हाला माहीत नसलेली दोन: मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक, रोज दोन, आणि ९ तारखेपासून मित्राने दिलेली झोपेची गोळी, अल्प्राझोलाम. रक्त पातळ करणारं काही नाही.

२०१८ मध्ये प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता. ओटीपोटावर किरणोपचार झाले, दोन वर्षं हार्मोनची इंजेक्शनं घेतली. मार्चमधला पीएसए आधीइतकाच कमी होता.

हे दुखणं पडल्यामुळे आहे की जुन्या आजाराचं? आणि तोवर त्यांना चालू द्यावं का?»

पत्रात मुलीने आजाराचं नाव काढलेलं नाही. संधिवात असावा, नस दबली असावी, असं काही लिहिलेलं नाही. तिने पाहिलेलं आणि विचारून काढलेलं तेवढंच लिहिलं. डॉक्टरांच्या हाती तपासायला बहुधा दहा मिनिटं असतात. त्यांना नातेवाइकांचं निदान नको असतं, नातेवाइकांचे डोळे हवे असतात.

पहिला मुद्दा बोटाचा. खुबा म्हणून लोक कमरेपासून मांडीपर्यंत काहीही दाखवतात, पण खुब्याच्या सांध्याचं दुखणं बहुतेकदा जांघेत जाणवतं. मांडीच्या बाहेरच्या उंचवट्यावर, त्या कुशीवर झोपलं की दुखत असेल, तर तिथल्या स्नायूंच्या दोऱ्या सुजलेल्या असण्याची शक्यता जास्त. ढुंगणात दुखून कळ पोटरीखाली जात असेल तर मणक्याकडे पाहावं लागतं. खुब्याला आणि गुडघ्याला संवेदना पुरवणाऱ्या काही नसा एकच आहेत, त्यामुळे खुब्याचा बिघाड गुडघ्यात बोलतो. गुडघ्याचा एक्स-रे काढून «वयोमानानुसार झीज» असा शेरा मिळतो आणि खुबा तपासायचाच राहतो, हे सर्रास घडतं.

दुसरा मुद्दा रात्रीचा. कुशीवर वळताना कळ येणं आणि काही न करता ठणकत राहणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. सांधा झिजला असेल तर दिवसभर चालल्यावर दुखतं आणि विश्रांतीने बहुधा कमी होतं, निदान सुरुवातीच्या काळात तरी. पडून राहूनही, कुठल्याही स्थितीत न थांबणारी वेदना असली की डॉक्टर हाडाच्या आत डोकावायला बघतात: तिथे तडा आहे का, जंतुसंसर्ग आहे का, कर्करोग पोचला आहे का. प्रोस्टेटचा कर्करोग पसरतो तेव्हा हाडांत जाण्याकडे त्याचा कल असतो आणि कटी, मणके, मांडीचं हाड या त्याच्या नेहमीच्या जागा. पीएसए कमी आहे ही दिलाशाची गोष्ट, पण तेवढ्यावर शंका मिटत नाही. म्हणूनच काही वर्षांपूर्वीचा, घरच्यांच्या लेखी संपलेला आजार खुब्याच्या पत्रात लिहायचा असतो.

त्या आजाराचा आणखी एक धागा आहे. हार्मोनच्या इंजेक्शनांनी पुरुषी हार्मोन दाबलं जातं आणि त्याबरोबर हाडंही विरळ होतात. किरणोपचारांनी कटीची हाडं ठिसूळ होऊ शकतात. म्हणजे कर्करोग परत आला नसला तरी त्याच्या उपचारांनी नानांचं हाड साध्या घसरण्यानेही तडकेल असं करून ठेवलेलं असू शकतं.

आता पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ, पोळ्याची. नानांच्या सांगण्यानुसार आधी दुखणं आणि मग पडणं असा क्रम होता. तो खरा असता तर डॉक्टरांचा पहिला संशय वेगळ्या दिशेने गेला असता, कारण काही न लागता सुरू झालेलं दुखणं आणि रात्रीचा ठणका यांतून पसरलेल्या कर्करोगाचं चित्र तयार होतं. चुलत्यांच्या साक्षीने क्रम उलटला: आधी आपटले, तीन दिवसांनी रात्र बिघडली. म्हातारी माणसं पडणं लपवतात, यात नवल नाही. कळलं की मळा बंद होतो, बैल विकायचा विषय निघतो, नाहीतर पुण्याच्या फ्लॅटमध्ये रवानगी होते. त्यांना तारीखही आठवत नाही, सण मात्र आठवतो. मुलीने «कधी पडलात?» विचारण्याऐवजी «पोळ्याला काय झालं? गणपतीत चालत होतात का?» असं शेजारपाजारी विचारलं, ते बरं केलं.

पडणी दोन, पण त्यांचं कारण एक नव्हे. पहिलं घसरणं: ओली फरशी, दिवसाउजेड, चक्कर नाही. त्यातून खुब्याला इजा. दुसऱ्यात पाय घसरला नाही, डोळ्यांपुढे अंधारी आली. बीपीची नवी गोळी, लघवीचं औषध आणि टॅमसुलोसिन तिन्ही मिळून उभं राहताच रक्तदाब खाली आणू शकतात. त्यावर झोपेची गोळी. ती घ्यावी लागली खुब्याच्या ठणक्यामुळे, म्हणजे पहिल्या पडण्याने दुसऱ्याची वाट तयार केली. नुसतं «बाबा सारखे पडतात» असं लिहिलं असतं तर हे कळायला मार्ग नव्हता. डायक्लोफेनॅकची नोंदही तितकीच गरजेची: ती वेदना झाकते, म्हणून तडा गेलेल्या पायावर माणूस चालत राहतो, आणि बीपीच्या त्या औषधांसोबत मूत्रपिंडावर ताण आणते.

डॉक्टरांनी त्याच दिवशी फोन केला. नानांना चालवू नका, स्कूटरवर बसवू नका, गाडीत आडवं करून आणा, म्हणाले. तपासताना उताणं झोपवून उजवा पाय हलकेच आत फिरवला तशी जांघेत कळ आली. रक्तदाब पाच मिनिटं पडून राहिल्यावर १४२/८०, आधार देऊन उभं केल्यावर तीन मिनिटांत ११६/७०. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला की उभं राहताना दाब पडतो असं धरतात. इथे दोन्ही उतरले होते.

एक्स-रेमध्ये काही दिसलं नाही. बहुतेक घरांत गोष्ट इथे थांबते, «हाड शाबूत आहे, शेक घ्या» म्हणून. पण खुब्याच्या मोडीतल्या शंभरापैकी काही पहिल्या एक्स-रेत दिसतच नाहीत, विशेषतः हाडाचे तुकडे एकमेकांत रुतून बसलेले असतील तर. असा माणूस लंगडत का होईना चालतो, त्यामुळे कुणाला संशय येत नाही. पडल्यानंतर जांघ दुखते, भार टाकताना कळ येते आणि एक्स-रे स्वच्छ आहे, अशा वेळी एमआरआय करायचा असतो. पेसमेकरमुळे किंवा सोयीअभावी तो होत नसेल तर सीटी स्कॅन.

एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेत तडा दिसला, न सरकलेला. कटीत किंवा मांडीत कर्करोगाचा डाग नव्हता. एका तपासणीने मुलीच्या पहिल्या प्रश्नाची दोन्ही टोकं सुटली. दुसऱ्या दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांनी छोट्या छेदातून तीन स्क्रू बसवले. एखाद्या रात्री नाना पुन्हा पडले असते आणि तडा सरकला असता, तर बहुधा अर्धा खुबा बदलावा लागला असता, कारण खुब्याच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या त्या मानेलगतच जातात.

असं पत्र पाठवून उत्तराची वाट पाहायची नाही, असेही प्रसंग असतात. पडल्यावर पायावर उभंच राहता येत नाही, पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसतो, दुखण्यासोबत ताप आहे, पाय लुळे पडताहेत किंवा लघवी अडली आहे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोकं आपटलं आहे: या वेळी सरळ रुग्णालय.

पत्रातल्या पहिल्या परिच्छेदातलं «हरकत नाही» हेही उगाच नाही. नातेवाइकांनी दिलेली माहिती डॉक्टर कधीही ऐकून घेऊ शकतात, पण शुद्धीत असलेल्या रुग्णाची माहिती त्याच्या संमतीशिवाय मुलीलाही सांगू शकत नाहीत. ते एक वाक्य नसतं तर फोन आला असता, पण उत्तरं अर्धीच मिळाली असती.

घरी सोडताना बीपीच्या गोळीतलं लघवीचं औषध काढलं, झोपेची गोळी बंद केली. नानांनी ती दहा-बारा दिवसच घेतली होती म्हणून एकदम थांबवता आली, महिनोन्‌महिने घेणाऱ्याने ती हळूहळूच कमी करायची असते. रात्रीसाठी खाटेशेजारी लघवीचं भांडं आलं. हाडं पुन्हा भरावीत म्हणून औषध सुरू व्हायचं आहे, त्याआधी ड जीवनसत्त्व आणि मूत्रपिंडाची तपासणी. डॉक्टरांनी मुलीला एक गोष्ट लिहून ठेवायला सांगितली: स्क्रू बसले तरी खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा पुढे तुटू शकतो, हे बहुधा पहिल्या दोन वर्षांत कळतं, आणि त्याची खूण म्हणजे बऱ्या झालेल्या जांघेत पुन्हा सुरू झालेली कळ. तशी कळ आली तर पुढच्या तपासणीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही.