दारुहळदीतला पिवळा रेणू

काष्ठौषधींच्या दुकानात मिळणाऱ्या दारुहळदीचा आपल्या हळदीशी संबंध फक्त रंगापुरता. हिमालयातल्या या काटेरी झुडपाच्या मुळाला आणि सालीला पिवळेपणा येतो तो बर्बेरीनमुळे. चीनमध्ये हेच द्रव्य दुसऱ्या वनस्पतीतून काढून जुलाबावर देत. ते घेणाऱ्या मधुमेहींची साखरही उतरते, असे तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आले आणि तपास सुरू झाला.

पेशी आपली कामे एटीपी नावाचा रेणू खर्चून करते. खर्च वाढला किंवा पुरवठा आटला की त्याचा उरलासुरला भाग, म्हणजे एएमपी, साठू लागतो. हा एएमपी ज्याला चिकटतो ते प्रथिन म्हणजे एएमपीके. ते जागे झाले की पेशी काटकसरीला लागते: चरबी आणि कोलेस्टेरॉल तयार करणे आवरते, साखर जास्त ओढून घेते. बर्बेरीन पेशीतल्या मायटोकाँड्रियात एटीपी बनवण्याच्या साखळीचा पहिलाच टप्पा मंदावते. टंचाई अशी मुद्दाम घडवलेली असते. मेटफॉर्मिनही याच टप्प्यावर बोट ठेवते, असे मानले जाते.

शांघायमधल्या संशोधकांनी २००८ साली ही तुलना माणसांत केली. नव्यानेच मधुमेह आढळलेल्या ३६ जणांपैकी काहींना बर्बेरीन, काहींना मेटफॉर्मिन, दोन्ही ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. तीन महिन्यांत बर्बेरीन घेणाऱ्यांचे एचबीए१सी सरासरी ९.५ वरून ७.५ वर आले, जवळपास मेटफॉर्मिनइतकेच. आकडा मोहात पाडणारा आहे, पण माणसे मूठभर आणि काळ तीन महिन्यांचा.

कोलेस्टेरॉलची गोष्ट मात्र सगळी एएमपीकेच्या खात्यात टाकता येत नाही. यकृताच्या पेशींवर रक्तातले एलडीएल पकडून आत घेणारे ग्राहक असतात. ते बनवण्याचा संदेश, म्हणजे एमआरएनए, बर्बेरीनमुळे जास्त वेळ टिकतो आणि ग्राहक वाढतात, असे २००४ साली दिसले. स्टॅटिनचा मार्ग वेगळा आहे. त्याच अभ्यासात रोज एक ग्रॅम घेणाऱ्या ३२ रुग्णांचे एलडीएल तीन महिन्यांत सुमारे २५ टक्क्यांनी घटले.

खरी अडचण आतड्यात आहे. गिळलेल्या बर्बेरीनपैकी एक टक्कासुद्धा रक्तात पोचत नाही. आतड्याच्या भिंतीतला पंप बरेचसे परत ढकलतो. प्रयोगशाळेत पेशींवर ओतलेली मात्रा रक्तातल्या पातळीच्या कित्येक पट असते. म्हणून बशीत एएमपीके जागे झाले, एवढ्यावरून माणसातही तसेच घडते असे म्हणणे घाईचे ठरेल. यकृतात ते रक्तापेक्षा जास्त साठते, आतड्यातले जिवाणू त्याला सहज शोषल्या जाणाऱ्या रूपात बदलतात, आणि कदाचित निम्मे काम आतड्यातच होत असावे. मला हे शेवटचे स्पष्टीकरण जास्त पटते.

दुकानातल्या डबीवर यातले काही नसते. पोट बिघडणे, बद्धकोष्ठ हे त्रास नेहमीचे. मधुमेहाच्या इतर गोळ्यांसोबत घेतल्यास साखर फार खाली जाऊ शकते. यकृतात औषधे मोडणाऱ्या एंझाइमला ते अडवते. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांत सायक्लोस्पोरिनची पातळी त्यामुळे वाढलेली आढळली आहे. नवजात बाळात ते बिलिरुबिनला प्रथिनापासून सुटे करून कावीळ मेंदूपर्यंत पोचवू शकते, म्हणून गर्भारपणी आणि बाळ अंगावर पीत असताना ते वर्ज्यच.