बीएलडीसी पंखा वर्षाला खरंच किती वीज वाचवतो?

दिवसभर फुल स्पीडवर फिरलेला जुना पंखा बंद करून, स्टुलावर चढून त्याच्या मधल्या डब्याला हात लावला तर तो चांगलाच गरम लागतो. ही उष्णता आपण विकत घेतलेली असते. बाराशे मिलिमीटरचा साधा जुना पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो आणि त्यातली जेमतेम वीस-बावीस वॅट पात्यांपर्यंत पोहोचून हवा ढकलायच्या कामी येते. उरलेली सगळी मोटर तापवण्यात जाते. तेवढीच हवा देणारा बीएलडीसी, म्हणजे ब्रशलेस मोटरचा पंखा, २८ ते ३५ वॅटमध्ये काम भागवतो. दोन्हीकडे पात्यांना लागणारी ताकद जवळपास सारखीच असते. सगळा फरक मोटरमधल्या गळतीचा आहे.

ही गळती का होते ते समजून घेतलं की बचतीचा हिशेब सोपा होतो. साध्या पंख्यातली इंडक्शन मोटर थेट घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चालते. आतल्या स्थिर भागावरच्या वाइंडिंगमधून वीज वाहिली की फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. बाहेरच्या फिरत्या भागात ॲल्युमिनियमच्या कांड्या ओतलेल्या असतात. हे क्षेत्र त्यांच्यात करंट निर्माण करतं आणि त्या करंटमुळे तो भाग फिरतो. पण करंट निर्माण व्हायचा तर फिरणारा भाग क्षेत्रापेक्षा थोडा मागेच राहावा लागतो. या मागे राहण्याला तंत्रज्ञ ‘स्लिप’ म्हणतात. सोळा ध्रुवांच्या मोटरचं क्षेत्र मिनिटाला ३७५ फेरे घेत असेल तर पंखा ३३०च्या आसपास फिरतो, म्हणजे स्लिप बारा टक्के. आतून बाहेरच्या भागाकडे जाणाऱ्या शक्तीतला तेवढाच, बारा टक्के, हिस्सा ॲल्युमिनियममध्ये उष्णता होऊन जातो. तांब्याच्या तारांमधली आणि लोखंडी पत्र्यांमधली गळती याहून वेगळी. इतके सारे ध्रुव छोट्याशा डब्यात कोंबलेली मोटर मुळातच फारशी कार्यक्षम होत नाही, आणि पंखा सावकाश फिरायला हवा म्हणून ध्रुव कमी करताही येत नाहीत.

खरी गंमत पुढे आहे. रात्री आपण पंखा तीनवर ठेवतो. रेग्युलेटर मोटरचा व्होल्टेज कमी करतो, पण विजेची वारंवारता ५० हर्ट्झच राहते, त्यामुळे आतलं क्षेत्र अजूनही ३७५ फेऱ्यांनीच फिरत असतं. पंखा मात्र २२० फेऱ्यांवर आलेला असतो. स्लिप चाळीस टक्क्यांच्या वर गेली. पंख्याला लागणारी ताकद वेगाच्या घनाप्रमाणे बदलते, म्हणून २२० फेऱ्यांवर हवेसाठी फुल स्पीडच्या जेमतेम तीस टक्के, म्हणजे सहा-सात वॅट पुरतात. तरीही साधा पंखा इथे ४०-४५ वॅट खातो. जुना, डब्यासारखा मोठा रेग्युलेटर असेल तर आणखी वीज त्या डब्यातल्या तारेत जळते. तो हाताला गरम लागतो त्याचं कारण हेच. आताचे छोटे, कपॅसिटरवाले स्टेप रेग्युलेटर स्वतः फारसे तापत नाहीत, पण मोटरची स्लिप त्यांनाही टाळता येत नाही.

ब्रशलेस मोटरमध्ये फिरणाऱ्या भागावर कायमची चुंबकं चिकटवलेली असतात. चुंबकत्व तयार करण्यासाठी तिथे करंट लागत नाही, म्हणून स्लिपही नाही आणि त्या भागातली ती गळतीही नाही. आत एक इलेक्ट्रॉनिक सर्किट बसवलेलं असतं, ज्याला वायरमन नुसतं ‘पीसीबी’ म्हणतात. ते घरातल्या एसी विजेची डीसी करतं आणि मग चुंबक कुठे आहे ते ओळखून एकेका वाइंडिंगला नेमक्या क्षणी वीज देतं. वेग कमी करायचा तर हे सर्किट क्षेत्राचाच वेग कमी करतं. म्हणून तीनवरचा बीएलडीसी पंखा बारा-तेरा वॅटमध्ये चालतो. जाहिरातीत नेहमी फुल स्पीडचे आकडे दिसतात. प्रमाणाच्या हिशेबाने पाहिलं तर मोठी बचत रात्रीच्या मंद वाऱ्यात दडलेली आहे.

आता एका घराचं वर्ष मांडून पाहू. डोंबिवलीतला वन बीएचके फ्लॅट घेऊ, महिन्याचा सरासरी वापर २२० युनिटं. डिसेंबर-जानेवारीतल्या गार रात्री आणि घराला कुलूप असतं ते दिवस वगळले तर पंख्यांचे दिवस साधारण ३०० धरता येतील. हॉलमधला पंखा रोज नऊ तास फुल स्पीडवर चालतो, म्हणजे वर्षाला २,७०० तास. ७५ वॅटचा पंखा यात २०२ युनिटं घेईल आणि ३० वॅटचा ८१. वाचली १२१ युनिटं. बेडरूमचा पंखा रात्री आठ तास तीनवर, म्हणजे २,४०० तास. तिथे ४५ वॅटच्या जागी १३ वॅट आले की ७७ युनिटं वाचतात. स्वयंपाकघरातला पंखा रोज दोन तास चालतो. तो बदलून वर्षाला फक्त २७ युनिटं हाती लागतात. तिन्ही मिळून २२५ युनिटं.

कागदावर चोवीस तास आणि ३६५ दिवस फुल स्पीड धरला तर एकट्या पंख्यावरच ३९४ युनिटं वाचल्याचा आकडा येतो. तसा पंखा एखाद्या दुकानात किंवा दवाखान्याच्या वेटिंग रूममध्ये चालत असेल, घरात नाही. तरी २२५ युनिटं म्हणजे या घराचा एक महिन्याचा संपूर्ण वापर आहे, आणि तो थोडाथोडका नव्हे.

रुपयांत मांडताना एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांचं असतं: पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढची आणखी महाग. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून कमी होतं. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून येणारा सरासरी दर इथे उपयोगाचा नाही. आपण ज्या टप्प्यात शेवटी पोहोचतो त्याचा दर धरायला हवा. वहन आकार आणि वीज शुल्क मिळवून दुसऱ्या टप्प्यातलं युनिट साडेबारा रुपयांना पडतं असं धरू. मग डोंबिवलीच्या घरात हॉलचा पंखा वर्षाला सुमारे १,५०० रुपये वाचवतो, बेडरूमचा ९६० आणि स्वयंपाकघरातला ३४०. तीन हजारांचा बीएलडीसी पंखा हॉलमध्ये दोन वर्षांत वसूल होतो, बेडरूममध्ये तीन वर्षांच्या थोडं पुढे. स्वयंपाकघरात जवळपास नऊ वर्षं लागतील. तिथला चालता पंखा काढू नये असंच मी सांगेन. ज्या घराचा वापर शंभर युनिटांच्या आतच आहे, तिथे युनिटाला सात रुपये धरले तर हॉलच्या पंख्यालाही साडेतीन वर्षं लागतात. वीज सगळीकडे तेवढीच वाचते, पैसे मात्र सारखे वाचत नाहीत.

दुसरी चूक तुलनेतली. ‘७५ विरुद्ध ३०’ ही तुलना छताला दहा-पंधरा वर्षं फिरत असलेल्या पंख्याशी आहे. दुकानातून आज नवा साधा पंखा घेतलात तर तो ७५ वॅटचा असेलच असं नाही. छताच्या पंख्यांना जानेवारी २०२३ पासून बीईईचं स्टार लेबल सक्तीचं झालं. हे स्टार ‘सर्व्हिस व्हॅल्यू’वर मिळतात, म्हणजे पंखा मिनिटाला जितकी घनमीटर हवा देतो त्याला वॅटने भागून येणारा आकडा. त्या निकषांत बाराशे मिलिमीटरच्या पंख्याला एका स्टारसाठी किमान ४ आणि पाच स्टारसाठी किमान ६ ही व्हॅल्यू लागते. मिनिटाला २१० घनमीटर हवा देणारा एक स्टारचा पंखा त्यामुळे ५२ वॅटच्या आसपास येतो. नव्याशी नवा असा हिशेब केला तर हॉलमध्ये फरक ४५ वॅटचा नसून २२ वॅटचा, वर्षाला ५९ युनिटं, साधारण ७४० रुपये. पण इथे पूर्ण तीन हजार मोजायचे नसतात. दोन पंख्यांच्या किमतींमधला हजार-दीड हजाराचा फरकच वसूल व्हायला हवा, आणि तो दोन वर्षांत होतो. म्हणून नवा पंखा घ्यायचाच असेल तर बीएलडीसी; जुना धडधाकट असेल तर तो रोज किती तास फिरतो ते आधी बघावं.

लेबलवर नुसते वॅट पाहून फसायला होतं. ताकद वेगाच्या घनाने बदलत असल्यामुळे वेग दहा टक्क्यांनी कमी केला की वीज पाव भागाहून जास्त कमी होते. कमी हवा देऊन कमी वॅट दाखवणं सोपं आहे, आणि मग उन्हाळ्यात घरातले म्हणतात, नव्या पंख्याला वारा नाही. हवेचा आकडा आणि सर्व्हिस व्हॅल्यू दोन्ही वाचावेत.

बीएलडीसीचा खरा कच्चा दुवा ते पीसीबी आहे. साध्या पंख्याचा वेग मंदावला की वायरमन कंडेन्सर बदलतो, थोडक्या पैशात काम होतं. बीएलडीसी अचानक बंद पडला, रिमोटला दाद देईना किंवा सुरू होताना नुसताच थरथरू लागला तर बहुधा सर्किट गेलेलं असतं, आणि ते त्याच कंपनीचं लागतं. विजांच्या दिवसांत, लाइनमध्ये सर्ज आल्यावर हे जास्त घडतं. एका सर्किटच्या खर्चात काही महिन्यांची बचत जाते, म्हणून वॉरंटीची वर्षं किमतीइतकीच महत्त्वाची. बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर वायरिंगमधून काढून टाकावा. तो मध्ये राहिला तर सर्किटला वेडीवाकडी वीज मिळते आणि ते लवकर जातं. उलट ज्या गावांत उन्हाळ्याच्या रात्री व्होल्टेज खाली येतो तिथे याच सर्किटचा मोठा आधार आहे. साधा पंखा अशा वेळी रेंगाळतो, बीएलडीसी वेग टिकवून धरतो. इन्व्हर्टरवर तर एका जुन्या पंख्याच्या विजेत दोन बीएलडीसी चालतात.

आपला पंखा नेमके किती वॅट घेतो हे घरच्या मीटरवरही कळतं. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी `3200 imp/kWh` असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे एका युनिटाला ३,२०० लुकलुक. फ्रिज, राउटर, टीव्हीचा प्लग, सगळं बंद करून फक्त तो पंखा चालू ठेवावा आणि दहा मिनिटं मोजावं. ७५ वॅटला ४० लुकलुक येतात, ३० वॅटला १६. मोजलेल्या आकड्याला ६ने गुणून ३.२ने भागलं की वॅट मिळतात. मीटरवर वेगळा आकडा छापला असेल तर ३.२च्या जागी त्याचा हजारावा भाग घ्यावा. फुल स्पीडवर एकदा आणि रात्री ज्या आकड्यावर पंखा ठेवता त्यावर एकदा, अशी दोन मोजणी करावी, कारण दुकानदाराकडे दुसरा आकडा सहसा नसतो.