दुकानदाराला पाठवायचा पहिला मेसेज

कुडाळजवळच्या एका घरात कोकमाचं आगळ तयार होतं आणि ते पुण्यातल्या एखाद्या किराणा दुकानात ठेवायचं आहे, असं समजू. दुकानदाराशी ओळख नाही, नंबर तेवढा पाटीवरून टिपून घेतलेला. अशा वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर बहुतेकदा असा मजकूर जातो:

‘आदरणीय महोदय, आम्ही उच्च गुणवत्तेच्या, १०० टक्के नैसर्गिक कोकणी उत्पादनांचे अग्रगण्य उत्पादक आहोत. आपल्यासोबत दीर्घकालीन व्यावसायिक संबंध प्रस्थापित करण्यास उत्सुक आहोत. कृपया आपला बहुमूल्य प्रतिसाद कळवावा.’

व्याकरणात खोट नाही. पण गल्ल्यावर बसलेल्या माणसाला हवं ते यात काहीच नाही. वस्तू कोणती, केवढ्याला, मला सुटणार किती आणि नाही खपलं तर काय? शिवाय घरच्या ओट्यावर बाटल्या भरणारी बाई स्वतःला ‘अग्रगण्य’ म्हणवते तेव्हा हाच मजकूर गावभर गेला असणार, हे त्याला लगेच कळतं. आता तोच मेसेज असा लिहून बघा:

‘नमस्कार शेठ. मी कुडाळहून लिहितेय. आम्ही घरी कोकमाचं आगळ करतो. त्यात फक्त कोकम आणि मीठ, साखर नाही, रंग नाही. तुमच्याकडे कोकम सरबत आहे, पण सोलकढीचं आगळ दिसलं नाही, म्हणून विचारते.

अर्ध्या लिटरची बाटली, एमआरपी १५०. तुम्हाला दुकानपोच १२० ला पडेल. माल यंदाच्या मे महिन्यातला आहे, मुदत एक वर्ष.

पहिल्या १२ बाटल्या जांगड ठेवा. महिन्याने जेवढ्या खपतील तेवढ्यांचेच पैसे द्या, उरलेल्या मी परत नेईन.

लेबलचा फोटो सोबत पाठवलाय. चालणार असेल तर या आठवड्यात नमुन्याची एक बाटली पाठवते. चव बघून सांगा.’

इथे दुकानदाराची स्तुती नाही, तरी त्याचा मान राखलाय. त्याच्या फळीवर काय आहे आणि काय नाही हे बघून लिहिलंय, हीच मोठी अदब. सरबत आणि आगळ यांत गिऱ्हाईक गोंधळतं, दुकानदारही कधीकधी गोंधळतो. सरबताचा खप उन्हाळ्याबरोबर ओसरतो, तर सोलकढी मासे खाणाऱ्या घरात बारा महिने लागते. ‘सोलकढीचं’ या एका शब्दानं पावसाळ्यात माल पडून राहील ही त्याची धास्ती कमी होते.

सगळ्यात जास्त भांडणं होतात ती मार्जिनवरून. ‘तुम्हाला वीस टक्के सुटतील’ असं लिहिलं की दोघं दोन हिशोब करतात. १५० च्या बाटलीवर दुकानदाराला ३० रुपये राहतात. ते एमआरपीवर वीस टक्के, पण त्यानं मोजलेल्या १२० वर पंचवीस टक्के. पुरवठादार खरेदीवर वीस टक्के धरून बसला तर तो बाटली १२५ ला द्यायला निघतो आणि पाच रुपयांवरून पहिल्याच बिलाला तोंडं वाकडी होतात. म्हणून टक्के लिहूच नयेत, रुपये लिहावेत. ‘दुकानपोच’ हेही आधीच सांगावं, नाहीतर कुडाळहून आलेल्या पार्सलचं भाडं कुणी द्यायचं हा वाद माल उतरवताना होतो.

जांगड, म्हणजे खपेल तेवढ्याचे पैसे आणि उरलेलं परत, ही सवलत फार ओढून घेणारी आहे, पण देणाऱ्याला महाग पडते. १२ बाटल्या म्हणजे १४४० रुपयांचा माल महिनाभर दुसऱ्याच्या फळीवर. दहा दुकानांत ठेवला तर १४,४०० रुपये अडकले. म्हणून मेसेजात ‘पहिल्या १२’ असा आकडा आणि ‘महिन्याने’ अशी मुदत घातली आहे. माल देताना चलनावर ‘जांगड’ असं लिहून, बाटल्यांची संख्या टाकून सही घ्यावी. परत आलेली बाटली झाकण फुटलेली किंवा उन्हात ठेवून रंग उतरलेली असेल तर काय करायचं, हेही तेव्हाच बोलून घ्यावं. दुसऱ्या खेपेला जांगड बंद, रोख किंवा ठरलेल्या दिवसांची उधारी.

फोटो बाटलीच्या पुढच्या बाजूचा पाठवण्याची हौस सगळ्यांना असते. जाणता दुकानदार मागची बाजू बघतो: पत्ता, वजन-माप, पॅकिंगची तारीख, मुदत, घटक, हिरवा ठिपका आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर. तपासणी झाली तर उत्तर त्यालाच द्यावं लागतं, त्यामुळे नंबर नसेल तर चव कितीही चांगली असली तरी तो हात लावत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

मेसेज दुपारी, गर्दी नसताना पाठवावा. महिन्याच्या सुरुवातीला घरोघरचा किराणा भरायची घाई असते, तेव्हा तर नकोच. उत्तर आलं नाही तर आठवड्याने एकदाच विचारावं, आणि तेही ‘माझा मेसेज पाहिलात का’ असं नाही. ‘गुरुवारी पुण्यात माल घेऊन येतेय, नमुन्याची बाटली दुकानात देऊन जाऊ का?’ असं विचारलं की त्याला फक्त हो किंवा नको म्हणायचं उरतं.