पाठपुरावा कोण करणार?

ऑक्टोबरची ८ तारीख होती. मी करसल्लागार, माझ्या ऑफिसातून एका हार्डवेअर दुकानदाराला मेल गेली: ‘सप्टेंबरची खरेदीची बिले तपासण्यात आली आहेत. एक बिल पोर्टलवर दिसत नाही. त्याबाबत पुरवठादाराकडे पाठपुरावा केला जाईल. रिटर्न वेळेत भरण्यात येईल.’

भाषा सभ्य, व्याकरण शुद्ध. दुकानदार निश्चिंत झाले. ऑफिस बघतंय म्हटल्यावर आपण कशाला मध्ये पडायचं? पुरवठादार त्यांच्या रोजच्या ओळखीचा, तेव्हा फोन तेच करणार, असं आम्ही धरून चाललो. फोन कुणीच केला नाही.

ते बिल १ लाखाचं होतं आणि त्यावर १८ टक्क्यांनी १८,००० रुपये जीएसटी. दुकानदाराने तो पुरवठादाराला दिला होता. आपल्या देय करातून त्याला तो वजा करता येतो, पण पुरवठादाराने ते बिल आपल्या जीएसटीआर-१ मध्ये दाखवलं तरच. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला ते पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत भरायचं असतं. १४ तारखेला पोर्टल खरेदीदाराची जीएसटीआर-२बी यादी तयार करतं. ११ नंतर दाखवलेलं बिल त्यापुढच्या महिन्याच्या यादीत जातं. आम्ही यादी उघडली १५ तारखेला. दुकानदाराला ते १८,००० रुपये ऐन सणाच्या तोंडावर रोख भरावे लागले आणि वजावटीसाठी महिनाभर थांबावं लागलं.

चूक माझी होती, आणि ती ‘केला जाईल’ या दोन शब्दांत होती. शाळेत आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकतो, पण मराठीत प्रश्न निव्वळ प्रयोगाच्या नावाचा नाही. ‘मी बिले तपासली’ हाही कर्मणीच, तरी तपासणारा त्यात ठळक उभा आहे. घात होतो तो ‘तपासण्यात येईल’, ‘कळवलं जाईल’, ‘बघायला हवं’ अशा वाक्यांत. तिथे कर्ता गाळला तरी वाक्य पुरं वाटतं. सरकारी पत्रव्यवहारातून ही वळणं आपल्या हातात इतकी बसली आहेत की ती नम्रपणाची वाटतात.

तीच मेल मी आज अशी लिहीन:

‘सप्टेंबरची ४२ बिले मी तपासली. ४१ पोर्टलवर आहेत. राहिलेल्या बिलाचा फोटो मी सोबत जोडला आहे. पुरवठादाराशी तुमची ओळख आहे, म्हणून तुम्ही उद्या दुपारपर्यंत त्यांना फोन करा आणि हे बिल त्यांच्या जीएसटीआर-१ मध्ये घालायला सांगा. १० तारखेला संध्याकाळी मी पोर्टल पुन्हा बघेन आणि तुम्हाला कळवीन. बिल तेव्हाही नसेल, तर ११ तारखेला सकाळी त्यांच्या अकाउंटंटशी मी बोलेन. १८ तारखेला सकाळी ११ वाजता मी ३बी रिटर्न भरीन. त्यासाठीचा ओटीपी तुमच्या मोबाइलवर येईल, तेव्हा फोन जवळ ठेवा.’

यात ‘बिल ११ तारखेपर्यंत येईल’ असं मी कुठेच म्हटलेलं नाही. ते पुरवठादाराच्या हातात आहे. माझ्या हातात बघणं आणि बोलणं आहे, तेवढंच मी कबूल केलं. ओटीपीचं वाक्यही मुद्दाम आहे. ३बी भरण्याची मुदत २० तारखेची. त्या दिवशी दुकानदार गावाला गेले आणि फोन लागला नाही, तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क सुरू होतं, थकलेल्या करावर व्याजही लागतं.

‘आपण’ या शब्दापाशी मी आता थांबतो. ‘आपण पुरवठादाराशी बोलू’ यात आपण म्हणजे दोघे. ‘आपण बोलावे’ यात आपण म्हणजे तुम्ही. घाईत वाचणारा आपल्या सोयीचा अर्थ घेतो. कामाच्या वाक्यात मी ‘मी’ किंवा ‘तुम्ही’ लिहितो. ‘आमची टीम बघेल’ हेही टाळतो, कारण तीन माणसांच्या ऑफिसात टीम म्हणजे कुणीच नाही.

कर्ता गाळणं जिथे योग्य आहे, अशी एक जागा मात्र मी राखली आहे. दुकानदाराच्या मुलाने बिलाचा नंबर चुकवला, तर ‘नंबर चुकीचा नोंदला गेला आहे’ एवढंच मी लिहितो. झालेल्या चुकीवर बोट ठेवून काही साधत नाही. त्याच्या पुढच्याच वाक्यात तो कोण, कधी दुरुस्त करणार, हे मात्र नावानिशी असतं.

पाठवण्याआधी मेलमधल्या प्रत्येक क्रियापदाला ‘कोण?’ विचारा. उत्तर मेलमध्येच सापडलं नाही, तर ते वाक्य पुन्हा लिहा.